शुद्ध मराठीतले बनावट ई-मेल : कर्मचाऱ्यांना नेमके काय शिकवावे?

बनावट ई-मेल ओळखायचा असेल तर त्यातल्या भाषेच्या चुका बघा, हा सल्ला आजवर बहुतेक सगळ्या सायबर कार्यशाळांत दिला गेला आणि त्या काळात तो खराही होता. यंत्राने भाषांतर केलेली तुटकी वाक्ये, लिंग-वचनाचा घोळ, ‘प्रिय ग्राहक’ अशी परकी सुरुवात पाहिली की मराठी माणूस लगेच सावध व्हायचा. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कार्यालयांना, पतसंस्थांना, आश्रमशाळांना आणि ग्रामसभांना आपल्या भाषेचे हे एक आयते संरक्षण होते. दूरच्या राज्यात किंवा परदेशात बसलेल्या भामट्याला ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की’ हे वाक्य धड लिहिता येत नसे.

एआयने हे संरक्षण संपवले आहे. सरकारी मराठीची नक्कल तर त्याला फारच सोपी जाते, कारण या भाषेचा साचा ठरलेला आहे आणि तिचे नमुने शासनाच्या संकेतस्थळांवर शासन निर्णयांच्या रूपाने हजारोंनी उघड पडलेले आहेत. विषय, संदर्भ, महोदय, ‘सबब’, ‘सदर’, ‘प्रस्तुत प्रकरणी’ आणि शेवटी ‘ही विनंती’ हा सगळा ऐवज काही सेकंदांत, एकही चूक न करता तयार होतो. म्हणून भाषेच्या चुका शोधायला शिकवणारे प्रशिक्षण आता निरुपयोगी आहे, आणि ते धोकादायकही आहे, कारण ‘भाषा शुद्ध आहे, म्हणजे पत्र खरे आहे’ असा उलटा निष्कर्ष काढायची सवय ते लावते.

मग कर्मचाऱ्यांना शिकवायचे काय? एक पत्र समोर ठेवून पाहू.

एक पत्र जवळून पाहू

पुढचे उदाहरण मी रचलेले आहे, पण त्यातली परिस्थिती या भागातल्या कोणालाही ओळखीची वाटेल. पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आपला तेंदूपत्ता स्वतः लिलाव करून विकतात. कंत्राटदार करारानुसार हप्त्याहप्त्याने ग्रामसभेच्या खात्यात रक्कम भरतो आणि त्यातून लोकांची मजुरी निघते. मे महिना आहे, संकलन ऐन भरात आहे. चंद्रपूरमधल्या एका कंत्राटदार फर्मच्या लेखापालाला सकाळी ई-मेल येतो :

*विषय : तेंदूपत्ता हंगाम, दुसऱ्या हप्त्याची रक्कम जमा करणेबाबत.*

*संदर्भ : उभय पक्षांत झालेला करारनामा.*

*महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, ग्रामसभेच्या बँक खात्याचे केवायसी अद्ययावत करण्याचे काम सुरू असल्याने सदर खात्यावरील व्यवहार तात्पुरते स्थगित करण्यात आले आहेत. संकलनकर्त्यांची मजुरी प्रलंबित राहू नये, याकरिता दुसऱ्या हप्त्याची रक्कम सोबतच्या पत्रात नमूद केलेल्या पर्यायी खात्यात आज सायंकाळपर्यंत जमा करावी. समितीचे पदाधिकारी संकलन केंद्रांवर असल्याने व त्या भागात नेटवर्क नसल्याने दूरध्वनीवर संपर्क होऊ शकणार नाही. आरटीजीएस झाल्यावर यूटीआर क्रमांक याच ई-मेलवर कळवावा, ही विनंती.*

या पत्रात भाषेची चूक नाही. हंगाम बरोबर आहे, हप्त्याचा क्रमांक बरोबर आहे. भामट्याला हे कुठून कळले? लिलावाच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. कोणत्या गावाचा माल कोणी घेतला याच्या याद्या आणि बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. हप्ते कसे ठरतात हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पूर्वी एका फर्मसाठी ही माहिती गोळा करून पत्र बेतायला माणसाचा वेळ जायचा, त्यामुळे असे खास बेतलेले पत्र मोठ्या कंपन्यांच्याच वाट्याला यायचे. आता ते काम यंत्र करते आणि छोट्या फर्मवर नेम धरणेही परवडू लागले आहे.

हा फरक किती मोठा आहे, हे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसले. हार्वर्डच्या फ्रेड हायडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 101 जणांवर तो केला. सर्वसाधारण, सरसकट पाठवलेल्या बनावट ई-मेलमधल्या दुव्यावर 12 टक्के लोकांनी क्लिक केले. एआयने प्रत्येकाची सार्वजनिक माहिती शोधून, त्याच्यासाठी खास लिहिलेल्या ई-मेलवर 54 टक्क्यांनी क्लिक केले. कसलेल्या माणसांनी लिहिलेल्या ई-मेलचे प्रमाणही 54 टक्केच होते. सहभागी थोडे होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्या कार्यालयाला लावू नयेत. पण तरबेज भामट्याचे कसब आता फुकटात मिळू लागले आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

जुन्या खुणा इथे का चालत नाहीत

भाषेखेरीज आणखी दोन खुणा प्रशिक्षणात हमखास सांगितल्या जातात. पहिली, घाई करणारे पत्र संशयास्पद समजा. दुसरी, जीमेलसारख्या मोफत पत्त्यावरून आलेले कार्यालयीन पत्र संशयास्पद समजा.

आपल्याकडे या दोन्ही खुणा लंगड्या पडतात. ‘अत्यंत तातडीचे’ असा शिक्का असलेले आणि दुपारी दोनपर्यंत माहिती मागणारे पत्र जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयाला रोज येते आणि ते खरेही असते. ‘माहिती निरंक असल्यास तसे कळवावे’ हे वाक्य ज्याने शेकडो वेळा वाचले आहे, तो केवळ घाईमुळे बिचकणार नाही. जीमेलचेही तसेच. कितीतरी ग्रामपंचायती, शाळा, सहकारी संस्था आणि ग्रामसभा आपला खरा व्यवहार जीमेलवरूनच करतात. त्यावर संशय घ्यायचा ठरवला तर काम ठप्प होईल, आणि दोन दिवसांत कर्मचारी ती सूचना गुंडाळून ठेवतील.

वरच्या पत्रातले नेटवर्कचे वाक्य सर्वांत धूर्त आहे. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या भागात फोन लागत नाही, हे खरे आहे. म्हणूनच ते कारण कोणालाही खटकत नाही. पण या वाक्याचा परिणाम काय होतो ते पाहा : खरेखोटे करण्याचा एकमेव भरवशाचा मार्ग, म्हणजे फोन, तेच वाक्य बंद करते. बँकेच्या नावाने येणाऱ्या पत्रात ‘लाइन व्यस्त असल्याने’ असे असेल, वरिष्ठांच्या नावाने येणाऱ्या संदेशात ‘मी बैठकीत आहे, फोन करू नका’ असे असेल. शब्द बदलतात, काम तेच असते.

पत्र कसे आहे यापेक्षा ते काय मागते, ते पाहा

पत्राचे रूप कितीही बदलले तरी भामट्याला शेवटी काहीतरी मागावेच लागते. ही मागणी लपवता येत नाही. म्हणून कर्मचाऱ्यांना चार मागण्या पाठ करून द्याव्यात. एक, पैसे पाठवा किंवा खाते क्रमांक बदला. दोन, इथे लॉगिन करा, पासवर्ड किंवा ओटीपी द्या. तीन, ही फाइल उघडा किंवा हे अ‍ॅप टाका. चार, कर्मचाऱ्यांची, लाभार्थ्यांची किंवा ग्राहकांची यादी आधार आणि बँक तपशिलासह पाठवा. चौथ्या मागणीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. शाळेतून शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांची यादी गेली की त्या दिवशी कोणाचे पैसे जात नाहीत, पण पुढच्या फसवणुकीसाठी लागणारा सगळा दारूगोळा भामट्याच्या हाती पडतो.

या चारपैकी एकही मागणी पत्रात नसेल तर ते निवांत वाचावे. एक जरी असेल, तर पत्र कितीही ओळखीचे वाटो, तीन गोष्टी करायच्या.

पहिली गोष्ट, पत्ता उघडून पाहायचा. बहुतेक कर्मचारी ई-मेल मोबाइलवर वाचतात आणि तिथे पाठवणाऱ्याचे फक्त नाव दिसते. नाव कोणीही काहीही टाकू शकतो. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये नावाखालच्या `to me` या शब्दांवर बोट ठेवले की खरा पत्ता दिसतो. उत्तर वेगळ्याच पत्त्यावर जाणार असेल तर `Reply-To` ही ओळही दिसते. आपल्या उदाहरणात करारनाम्यावरच्या पत्त्यात `samiti` आहे आणि आलेल्या पत्त्यात `samitee` आहे, एवढाच फरक असू शकतो. म्हणून पत्ता आठवणीवर विसंबून न पाहता, जुन्या खऱ्या ई-मेलशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावा.

सरकारी पत्त्यात `@` नंतरचा भाग उजवीकडून वाचावा. शेवटी `gov.in` किंवा `nic.in` असेल आणि त्याच्या लगेच आधी टिंब किंवा `@` असेल, तरच तो शासनाचा. `mahaforest.gov.in` आणि `mahaforest-gov.in` हे घाईत सारखेच दिसतात, पण दुसऱ्यात टिंबाऐवजी आडवी रेघ आहे. असे नाव कोणीही विकत घेऊ शकतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने `bank.in` हा राखीव शेवट दिला आहे आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सर्व बँकांनी त्यावर जावे असे सांगितले होते. तुमच्या बँकेचा नवा पत्ता शाखेतून विचारून घ्या आणि भिंतीवर लावा.

मात्र पत्ता बरोबर असणे हा पुरावा नाही. ग्रामसभेचे किंवा पुरवठादाराचे खरे ई-मेल खातेच भामट्याच्या हाती गेले असेल, तर पत्र खऱ्या पत्त्यावरूनच येईल, जुन्या पत्रव्यवहाराच्या ओघातच येईल आणि सगळ्या तांत्रिक तपासण्या बिनबोभाट पार करील. चुकीचा पत्ता पत्र खोटे ठरवतो, पण बरोबर पत्ता ते खरे ठरवत नाही. हे वाक्य प्रशिक्षणात दोनदा सांगावे.

म्हणून दुसरी गोष्ट, फोन. तो पत्रात दिलेल्या क्रमांकावर करायचा नाही. आपल्या नोंदवहीत, करारनाम्यावर किंवा पासबुकावर आधीपासून असलेल्या क्रमांकावर करायचा. आमच्या तेंदूच्या उदाहरणात समितीचे अध्यक्ष खरोखरच जंगलात असतील आणि फोन लागणार नाही. अशा वेळी काय करायचे हे आधीच ठरलेले हवे. करार करतानाच तीन क्रमांक घ्यावेत, अध्यक्षांचा, सचिवांचा आणि ग्रामसभेचे खाते असलेल्या बँक शाखेचा. तिन्ही लागले नाहीत तर पैसे थांबतील, असे करारातच लिहावे. खऱ्या ग्रामसभेला एक दिवस थांबणे चालते, कारण तिलाही आपली रक्कम परक्या खात्यात गेलेली नको असते.

आवाज आणि चेहऱ्याचीही आता नक्कल होते, हेही लक्षात ठेवावे. 2024 च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांच्या नावाने ई-मेल आला. त्याला आधी शंका आली होती. पण नंतरच्या व्हिडिओ कॉलवर ओळखीचे सहकारी दिसले, म्हणून त्याने सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरची माणसे एआयने घडवलेली होती. त्यामुळे आलेला फोन किंवा व्हिडिओ कॉल पडताळणी म्हणून धरायचा नाही. आपण स्वतः, आपल्याकडच्या क्रमांकावर लावलेला फोनच धरायचा.

तिसरी गोष्ट, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव तपासायचे. आरटीजीएस आणि एनईएफटीत खाते क्रमांक टाकल्यावर लाभार्थ्याचे नाव दाखवणारी सोय बँकांनी 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. ग्रामसभेच्या नावाऐवजी एखाद्या व्यक्तीचे किंवा अनोळखी ट्रेडर्सचे नाव दिसले, की व्यवहार तिथेच थांबवायचा. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि तिच्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही.

साहेबांच्या नावाचा दबाव

नियम ठरले तरी ते मोडतात कुठे? वरिष्ठांचे नाव आले की. सप्टेंबर 2022 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला आणि काही खात्यांत पैसे पाठवायला सांगितले गेले. कंपनीतून 1 कोटी 1 लाख 1 हजार 554 रुपये गेले. संदेश पूनावाला यांचा नव्हताच. एवढ्या मोठ्या कंपनीत हे घडले. तालुक्याच्या गावातल्या कार्यालयात ‘साहेबांना उलट विचारायचे कसे’ हा संकोच तर आणखीच मोठा असतो.

तो संकोच शिपायाने किंवा लिपिकाने मोडावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तो साहेबांनीच मोडायला हवा. प्रशिक्षणाच्या आधी संस्थाप्रमुखांनी सहीनिशी एक परिपत्रक काढावे : ‘माझ्या नावाने पैसे, पासवर्ड किंवा याद्या मागणारा कोणताही संदेश आला, तर मला फोन करून विचारल्याशिवाय कार्यवाही करू नये. विचारल्याबद्दल कोणालाही बोल लावला जाणार नाही. ठरावीक रकमेवरील प्रत्येक व्यवहाराला दोघांची मंजुरी लागेल.’ ती रक्कम प्रत्येक संस्थेने आपल्या उलाढालीप्रमाणे ठरवावी. आणि पहिल्यांदा कोणी खरोखर फोन करून विचारले, तेव्हा साहेबांनी चिडू नये. एकदा चिडले की ते परिपत्रक रद्द झाले असे समजावे.

सराव कसा घ्यावा

वर्षातून एकदा सभागृहात सर्वांना बसवून दोन तासांचे सादरीकरण दाखवणे, किंवा बनावट ई-मेल पाठवून जो क्लिक करील त्याला ‘तुम्ही फसलात’ असे पान दाखवणे, या दोन पद्धती सर्वाधिक वापरल्या जातात. त्यांचा उपयोग किती? कॅलिफोर्नियातल्या यूसी सॅन दिएगो हेल्थ या रुग्णालय-समूहात सुमारे 19,500 कर्मचाऱ्यांना आठ महिन्यांत दहा वेळा बनावट ई-मेल पाठवून हे तपासले गेले. प्रशिक्षण मिळालेल्यांचे फसण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सरासरी फक्त 1.7 टक्क्यांनी कमी होते. फसल्यावर दाखवलेले पान बहुतेकांनी मिनिटभरही वाचले नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये ईटीएच झुरिचच्या संशोधकांनी 14,000 हून अधिक कर्मचाऱ्यांवर पंधरा महिने असाच अभ्यास केला. तिथे असे पान दाखवल्याने कर्मचारी सावध झाले नाहीत, उलट अधिक फसू लागल्याचे आढळले. पण त्याच अभ्यासात एक फार उपयोगाची गोष्ट दिसली : संशयास्पद ई-मेल कळवायची सोपी सोय दिली, तर कर्मचारी दीर्घकाळ आणि झटपट कळवत राहतात, आणि त्यातून संपूर्ण संस्थेला वेळेवर इशारा मिळतो.

म्हणजे प्रत्येक कर्मचारी प्रत्येक वेळी बनावट पत्र ओळखेल, हे ध्येय ठेवू नये. वीस जणांना पत्र आले, त्यातल्या एकाने दहा मिनिटांत कळवले आणि उरलेले एकोणीस वाचले, हे ध्येय ठेवावे. ते गाठता येते.

त्यासाठी वीस-पंचवीस कर्मचाऱ्यांच्या संस्थेने पुढीलप्रमाणे करावे. पहिल्या महिन्यात चाळीस मिनिटांची एक बैठक घ्यावी, मराठीत, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मोबाइल असू द्यावा. संस्थेला खरोखर आलेली सहा-सात पत्रे निवडावीत, त्यांत दोन-तीन बनावट मिसळावीत आणि दोघादोघांच्या जोड्यांना द्यावीत. ‘यातले खोटे कोणते’ हा प्रश्न विचारू नये. ‘हे पत्र काय मागते, आणि तुम्ही कोणाला, कोणत्या क्रमांकावर फोन कराल’ हे विचारावे. क्रमांक शोधायला त्यांना प्रत्यक्ष नोंदवही उघडायला लावावी. पुष्कळ कार्यालयांत याच वेळी लक्षात येईल की नोंदवहीतला क्रमांक तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचा आहे. प्रशिक्षणाचा पहिला खरा फायदा तिथेच होतो.

त्यानंतर दर दीड-दोन महिन्यांनी एक सरावाचा ई-मेल पाठवावा. त्याची काठिण्यपातळी ठरवायला अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेची ‘फिश स्केल’ ही पद्धत वापरता येते. तिच्यात दोन गोष्टी मोजतात : पत्रात संशय यावा अशा खुणा किती आहेत, आणि पत्राचा विषय त्या माणसाच्या रोजच्या कामाशी किती जुळतो. खुणा भरपूर आणि विषय परका असेल तर पत्र सोपे. खुणा नगण्य आणि विषय अगदी कामाचा असेल तर कठीण. एआयने नेमके हेच साधले आहे. खुणा पुसल्या आणि विषय जुळवला. म्हणून पहिला सराव लॉटरीसारख्या परक्या विषयावर घ्या, दुसरा ‘मेलबॉक्स भरला आहे, पुन्हा लॉगिन करा’ असा घ्या आणि तिसरा लेखा शाखेला पुरवठादाराच्या खातेबदलाचा पाठवा. कठीण पत्राला जास्त लोक फसले तर प्रशिक्षण वाया गेले असे समजू नका, कारण सोप्या आणि कठीण पत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थच नसतो.

किती जणांनी क्लिक केले, हा आकडा दुय्यम ठेवा. नोंदवहीत दोन आकडे लिहा : पहिली खबर किती मिनिटांत आली आणि एकूण किती जणांनी कळवले. कळवण्यासाठी एकच ठिकाण हवे. एक व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक पुरे आहे, पण त्यावर उत्तर द्यायची जबाबदारी ठरलेल्या माणसाची हवी. खबर देणाऱ्याला त्याच दिवशी ‘पाहिले, धन्यवाद, हे बनावट आहे’ किंवा ‘हे खरे आहे, तरी विचारलेत ते बरे केलेत’ असे उत्तर गेलेच पाहिजे. उत्तर न आलेला कर्मचारी तिसऱ्या वेळी कळवत नाही.

दोन गोष्टी सरावात टाळाव्यात. पगार, बोनस, बदली, अनुकंपा नियुक्ती असे लोकांच्या जिव्हाळ्याचे विषय वापरू नयेत. डिसेंबर 2020 मध्ये गोडॅडी या अमेरिकी कंपनीने कर्मचाऱ्यांना 650 डॉलरच्या सणाच्या बोनसचा खोटा ई-मेल सराव म्हणून पाठवला. लोक इतके दुखावले की कंपनीला माफी मागावी लागली. आपल्याकडे मानधन महिनोन्‌महिने थकलेल्या कर्मचाऱ्याला ‘थकबाकी मंजूर’ असा सराव पाठवणे क्रूरपणाच ठरेल. दुसरे, जिल्हाधिकारी, पोलीस, वनविभाग किंवा बँकेच्या नावाने, त्यांचे बोधचिन्ह वापरून सरावाचे पत्र कधीही तयार करू नये. ते पत्र पुढे पाठवले जाईल, गावोगाव पसरेल आणि तुम्हीच अफवेचे उगमस्थान व्हाल. सराव आपल्याच संस्थेच्या किंवा काल्पनिक पुरवठादाराच्या नावाने घ्यावा.

चूक झालीच तर

पैसा आता फार वेगाने हलतो. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून अहोरात्र, सुटीच्या दिवशीही चालते. फेब्रुवारी 2025 मध्ये चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या आरटीजीएस व्यवहारांत शिरून तीसहून अधिक ग्राहकांचे सुमारे 3 कोटी 70 लाख रुपये परराज्यातल्या खात्यांत वळवले गेले. ती घटना मी बनावट ई-मेलचे उदाहरण म्हणून देत नाही. आपल्या जिल्ह्यातली रक्कम बघता बघता हजार-दीड हजार किलोमीटर दूर जाऊ शकते, हे त्यावरून लक्षात यावे. तिथे पोचल्यावर ती आणखी खात्यांत फोडली जाते आणि मग हाती लागणे अवघड होते.

म्हणून पैसे गेल्याचे कळताच पहिला फोन 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर करावा आणि दुसरा आपल्या शाखा व्यवस्थापकांना. यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचे खाते हे चार तपशील हाताशी ठेवावेत. मग `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. संस्थेत ‘आधी साहेबांच्या कानावर घालू, मग बघू’ यात जाणारा वेळ सर्वांत महाग पडतो. 1930 ला फोन करायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही, हे परिपत्रकातच लिहावे.

पासवर्ड दिला गेला असेल, तर दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून तो बदलावा, सगळीकडून लॉगआउट करावे आणि ई-मेलच्या सेटिंगमध्ये `Forwarding` आणि `Filters` हे दोन भाग तपासावेत. भामटे तिथे गुपचूप नियम लावून ठेवतात, त्यामुळे पासवर्ड बदलल्यावरही तुमच्या पत्रांच्या प्रती त्यांना जात राहतात. फाइल उघडली गेली असेल तर तो संगणक नेटपासून तोडावा आणि जाणकाराला दाखवावा. मूळ ई-मेल काढून टाकू नये, तो पुरावा आहे. सरकारी कार्यालये आणि कंपन्यांवर अशा घटना सहा तासांत `incident@cert-in.org.in` येथे कळवण्याचे बंधन 28 एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी घातलेले आहे.

आणि ज्याच्या हातून चूक झाली, त्याला चारचौघांत बोलू नये. नोटीस मिळेल या भीतीने लोक दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि वाचवता आली असती ती रक्कम त्या दोन दिवसांतच जाते.

हे सगळे एकदम जमणार नाही. निदान या आठवड्यात एवढे करा : तुमची संस्था ज्यांना पैसे देते त्या पहिल्या दहा जणांचे क्रमांक प्रत्यक्ष फोन लावून तपासा, नोंदवहीत लिहा आणि ते पान लेखा शाखेच्या टेबलावर लावा. त्याशेजारी मोठ्या अक्षरांत 1930 लिहा. उद्या येणारे पत्र शुद्ध मराठीतच असेल. त्यातल्या मागणीवर तुमचा माणूस आधी फोन उचलतो की आधी बँकेचे पान उघडतो, यावर तुमचे पैसे वाचणार की जाणार हे ठरेल.